अकरा वाजायच्या आधीचे चोवीस तास

बारावीच्या फिजिक्सच्या पेपरला वर्गावर पर्यवेक्षक म्हणून उभं राहिलं, की पहिल्या तासाभरात एक चेहरा हमखास दिसतो. पेन कागदावर टेकवलेलं, नजर वर पंख्याकडे आणि ओठ हलतायत. पेपर सुटल्यावर तोच मुलगा जिन्यात भेटतो आणि सांगतो, “सर, काल रात्री दोन वाजेपर्यंत तेच वाचत होतो. पान डोळ्यांसमोर दिसत होतं. उजवीकडे वर आकृती होती, हेसुद्धा आठवत होतं. पण पुढचं काही येईना.”

तो खोटं बोलत नसतो. अभ्यासही केलेला असतो. त्याचे शेवटचे चोवीस तास डोक्यात भरण्यात गेलेले असतात. भरलेलं बाहेर काढून बघायचं मात्र राहून गेलेलं असतं. आणि परीक्षेत काम पडतं ते बाहेर काढण्याचंच.

म्हणून या चोवीस तासांचा हिशेब मांडून बघू. उदाहरण महाराष्ट्र बोर्डाच्या बारावी फिजिक्सच्या पेपरचं घेऊ, कारण मुलांना सगळ्यात जास्त धाकधूक त्याचीच असते. पेपर सकाळी अकराचा आहे. केंद्रावर साडेदहाला हजर व्हायचं आहे. अलीकडे शेवटी दहा मिनिटं वाढवून मिळतात, म्हणजे सुटका दोन वाजून दहा मिनिटांनी. आणि समजा एक मुलगी आदल्या दिवशी सकाळी अकरा वाजता टेबलाशी बसली आहे. तिची सोळापैकी सात प्रकरणं पक्की आहेत, सहा अर्धीमुर्धी आहेत आणि तीन जवळजवळ कोरी.

आधी तास मोजा

चोवीस तास हा आकडा फसवा आहे. रात्रीची झोप साडेसात तास धरा. सकाळी उठल्यावर आंघोळ, नाश्ता, प्रवास आणि केंद्रावरची वाट पाहणं यात पावणेचार तास जातात. आदल्या दिवशी जेवणं, दुपारची डुलकी, संध्याकाळी पाय मोकळे करणं आणि मधली पाच-दहा मिनिटांची विश्रांती धरली, तर आणखी सव्वाचार तास गेले. उरले साधारण सव्वाआठ ते साडेआठ तास. त्यातले सात आदल्या दिवशीचे आणि सव्वा-दीड तास पेपरच्या सकाळचा.

सात तास आणि सोळा प्रकरणं. सरळ भागाकार केला तर प्रकरणाला सव्वीस मिनिटं येतात. तेवढ्या वेळात पाठ्यपुस्तकातलं प्रकरण नुसतं वाचूनही होत नाही. तरीही बहुतेक मुलं पहिल्या प्रकरणाच्या पहिल्या पानापासून सुरुवात करतात. दुपारी चारला ती तिसऱ्या प्रकरणात असतात, रात्री दहाला सातव्यात. मग उरलेली नऊ प्रकरणं समोर दिसायला लागतात आणि झोप रद्द होते. रात्रभर जागायचं कोणी सकाळी ठरवलेलं नसतं. सकाळी वाटणी चुकते, त्याची किंमत रात्री मोजावी लागते.

काय सोडायचं ते पेपरच सांगतो

आता प्रश्नपत्रिकेचा आराखडा बघा. सत्तर गुण. विभाग अ मध्ये दहा एमसीक्यू आणि आठ अगदी छोटे प्रश्न, प्रत्येकी एक गुण, सगळे सक्तीचे. विभाग ब मध्ये दोन गुणांचे बारा प्रश्न, त्यातले आठ सोडवायचे. विभाग क मध्ये तीन गुणांचे बारा, त्यातलेही आठच. विभाग ड मध्ये चार गुणांचे पाच, त्यातले तीन. म्हणजे छापलेले प्रश्न अठ्ठ्याण्णव गुणांचे आणि लिहायचे सत्तरचे. अठ्ठावीस गुणांचे प्रश्न बोर्ड स्वतःच सोडायला सांगतं.

अठ्ठ्याण्णव गुण सोळा प्रकरणांत वाटले, तर एका प्रकरणाच्या वाट्याला सरासरी सहा येतात. समजा आपल्या मुलीनं दोन कोरी प्रकरणं बाजूला ठेवली, सुपरपोझिशन ऑफ वेव्हज आणि एसी सर्किट्स. त्यांचे मिळून बाराएक गुणांचे प्रश्न पेपरात येतील. त्यातले मोठे प्रश्न ब, क, ड या विभागांत असतील आणि तिथे सोडायची मुभा आहे. पण एकेक गुणाचे प्रश्न विभाग अ मध्ये येतील आणि तिथे ही मुभा नाही.

याचा अर्थ असा, की सोडलेलं प्रकरण पूर्ण कोरं ठेवायचं नाही. त्याची डेरिव्हेशन्स सोडायची, लांबलचक गणितं सोडायची. व्याख्या, सूत्रं आणि एककं मात्र पंधरा मिनिटांत नजरेखालून घालायची. एसी सर्किट्समधला रेझोनन्स सिद्ध करता आला नाही तरी चालेल. पण रेझोनन्सच्या वेळी इंडक्टिव्ह आणि कपॅसिटिव्ह रिअ‍ॅक्टन्स सारखे होतात, एवढं वाक्य ठाऊक असेल तर एक गुण हातचा जात नाही.

तिसरं कोरं प्रकरण मॅग्नेटिक मटेरिअल्स. ते लहान आहे, बरंचसं वर्णनाचं आहे आणि पस्तीस-चाळीस मिनिटांत पुष्कळसं हाती लागतं. ते तिनं घ्यावं. शेवटच्या दिवशी नवीन काहीच हात लावायचा नाही, असं लोक सांगतात. तो नियम मला जरा जास्तच कडक वाटतो. नवीन एकच घ्या, लहान घ्या आणि दुपारीच घ्या. रात्री नऊला नवीन प्रकरण उघडलं, की ते तर येत नाहीच, आणि जे येत होतं त्याबद्दलही शंका यायला लागते.

पुस्तक मिटून पहिला तास

पक्की, अर्धवट, कोरी ही वाटणी मनाशी करू नका. ती मुलांची नेहमी चुकते, आणि जे प्रकरण परवाच वाचलंय ते ‘येतं’ असं वाटण्याकडे कल असतो. त्यासाठी एक साधी चाचणी आहे. वहीचं कोरं पान घ्या, वर प्रकरणाचं नाव लिहा आणि घड्याळ लावून चार मिनिटांत पुस्तक न उघडता आठवेल ते उतरवा. सूत्रं, एका डेरिव्हेशनची सुरुवात, एखादी आकृती. सोळा प्रकरणांना चौसष्ट मिनिटं लागतील. पान भरलं तर प्रकरण पक्कं, अर्धं भरलं तर अर्धवट, दोनच ओळी आल्या तर कोरं.

हा तास मुलांना फुकट गेल्यासारखा वाटतो, कारण नवीन काही वाचलेलं नसतं. प्रत्यक्षात उजळणी इथूनच सुरू होते. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी एक उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचला आणि नंतर न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे थोडे पुढे होते. त्यांना शंभरातलं एक्याऐंशी टक्के आठवत होतं, लिहून काढणाऱ्यांना पंचाहत्तर. पण दोन दिवसांनी परीक्षा घेतली तेव्हा पारडं फिरलं. वाचणारे चौपन्न टक्क्यांवर घसरले, लिहिणारे अडुसष्टवर टिकले.

आपल्या मुलाची फसगत नेमकी इथेच होते. दुसऱ्यांदा वाचताना ओळ ओळखीची वाटते आणि पान मिटल्यावर पाच मिनिटं ती खरोखरच आठवते. तो समाधानानं पान उलटतो. पण पेपर पाच मिनिटांनी नसतो, दुसऱ्या दिवशी अकराला असतो.

या प्रयोगातून मी दोन गोष्टी घेतो. आदल्या दिवशीचे सगळे तास लिहून बघण्यासाठी वापरावेत. आणि नुसतं नजर फिरवण्याचं काम पेपरच्या अगदी तोंडावर, शेवटच्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवावं, कारण तेवढ्या थोड्या वेळापुरतं वाचलेलं टिकतं.

एक डेरिव्हेशन, पाच मिनिटांत

लिहून बघायचं म्हणजे सगळं उत्तर पानभर लिहायचं नाही, तेवढा वेळ नाही. सांगाडा लिहायचा. रोटेशनल डायनॅमिक्समधला एक नेहमीचा प्रश्न घेऊ. पाण्याची बादली दोरीला बांधून उभ्या वर्तुळात गरगर फिरवली, तर सर्वांत खालच्या बिंदूपाशी तिचा वेग कमीत कमी किती हवा, म्हणजे वर गेल्यावर दोरी सैल पडणार नाही?

सांगाडा चार ओळींचा आहे. पहिली ओळ म्हणजे वर्तुळाची आकृती, वरच्या बिंदूला A आणि खालच्या बिंदूला B. दुसरी ओळ वरच्या बिंदूची. तिथे दोरीतला ताण शून्य धरायचा, म्हणजे वर्तुळात फिरवण्याचं काम एकटं वजन करतं आणि v² = rg मिळतं. तिसरी ओळ ऊर्जेची. A हा B पेक्षा 2r उंच आहे, म्हणून खालच्या वेगाच्या वर्गात 4rg ची भर पडते. चौथी ओळ उत्तराची: rg + 4rg = 5rg, म्हणून खालचा वेग √(5rg).

मुलं इथे बहुतेक एकाच ठिकाणी चुकतात. उंची 2r ऐवजी r धरतात आणि उत्तर √(3rg) येतं. गंमत अशी, की √(3rg) हे उत्तरही पुस्तकात आहे. ते दोरी आडवी असतानाच्या बिंदूचं आहे. त्यामुळे चुकलेलं उत्तर ओळखीचं वाटतं आणि मुलगा निश्चिंत होतो. तीनदा वाचून ही चूक सापडत नाही, एकदा लिहिली की लगेच सापडते. सापडली की पुस्तक उघडायचं, तेवढीच ओळ बघायची, मिटायचं आणि पुन्हा सांगाडा लिहायचा. एका अर्धवट प्रकरणात असे तीन-चार सांगाडे आणि एक-दोन गणितं पस्तीस मिनिटांत होतात.

गणितांतही सगळं सोडवत बसायची गरज नाही. सूत्र, एककांचं रूपांतर आणि दहाचा घात इतकं लिहून उत्तर अंदाजे काढावं. कॅल्क्युलेटरला परवानगी नाही, लॉग टेबलला आहे. म्हणून लॉग टेबलचा हात बसलेला राहील अशी दोन गणितं मात्र शेवटपर्यंत करावीत. आणि उत्तराला डोळे लावायची सवय ठेवावी. शंभर व्होल्टनं वेग दिलेल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी सव्वा अँगस्ट्रॉमच्या आसपास येते, म्हणजे दहाचा उणे दहावा घात. आपल्या कागदावर उणे सातवा आला, तर आकडेमोड तपासायची. गरजेचे स्थिरांक प्रश्नपत्रिकेतच छापलेले असतात, तेव्हा प्लँकचा स्थिरांक घोकण्यात पाच मिनिटंही घालवू नयेत.

सात तासांची वाटणी

आता आपल्या मुलीचं वेळापत्रक बसतं. चाचणीची चौसष्ट मिनिटं. सहा अर्धवट प्रकरणांना प्रत्येकी पस्तीस, म्हणजे साडेतीन तास. मॅग्नेटिक मटेरिअल्सला चाळीस मिनिटं. सोडलेल्या दोन प्रकरणांना पंधरा-पंधरा. सात पक्क्या प्रकरणांना दहा-दहा. बेरीज सहा तास चोपन्न मिनिटं.

क्रमही महत्त्वाचा आहे. चाचणी अकरा ते बारा. मग जेवणापर्यंत एक-दोन अर्धवट प्रकरणं. जेवण आणि डुलकीनंतर अडीचच्या सुमारास मॅग्नेटिक मटेरिअल्स, म्हणजे नवीन जे काही आहे ते दुपारीच उरकलं. त्यानंतर रात्रीच्या जेवणापर्यंत, मध्ये चहा आणि एक फेरफटका घेऊन, बाकीची अर्धवट प्रकरणं आणि सोडलेल्या दोन प्रकरणांची सूत्रं. पक्की प्रकरणं जेवणानंतर, सगळ्यात शेवटी. मुलं उलटं करतात. सोपं आधी संपवतात आणि अवघड रात्रीसाठी ठेवतात. मग झोपताना डोक्यात न आलेलं घोळत राहतं. पक्कं शेवटी ठेवलं, की वही मिटताना हात सवयीनं लिहीत असतो.

दिवसभर लिहिताना एक कागद वेगळा ठेवायचा. जे दोनदा चुकलं तेवढंच त्यावर लिहायचं. √(3rg) कुठला आणि √(5rg) कुठला. बँकिंगच्या सूत्रात अधिक वर की खाली. कागद एकच, दोन्ही बाजूंनी. तो भरला की थांबायचं. सकाळच्या सव्वा-दीड तासात आणि केंद्राच्या फाटकाशी हाच कागद हातात असेल.

संध्याकाळी केव्हातरी चार गुणांचा एक प्रश्न घड्याळ लावून पूर्ण लिहावा. गुणामागे अडीच मिनिटं धरली, तर सत्तर गुणांना एकशे पंचाहत्तर मिनिटं लागतात. पेपरची एकशे ऐंशी आणि वरची दहा धरून हाताशी पंधरा मिनिटं उरतात. चार गुणांच्या प्रश्नाला दहा मिनिटं मिळतात. तुम्हाला सोळा लागत असतील, तर ते आदल्या संध्याकाळी कळलेलं बरं. उपायही तेव्हाच सुचतो. आकृती छोटी, प्रस्तावना नाही, पायऱ्या तेवढ्या लिहायच्या.

काय टाळायचं

पूर्ण तीन तासांची प्रश्नपत्रिका आदल्या दिवशी सोडवू नका. सात तासांतले तीन त्यात जातात, तपासायला आणखी एक जातो आणि दहा गुण कमी पडले तर ते भरून काढायला वेळच उरत नाही. जुन्या प्रश्नपत्रिका चाचणीसाठी प्रश्न निवडायला वापरा.

रंगीत पेनांनी नवीन नोट्स काढू नका. हात चालतो, डोकं विसावतं आणि मन खूश होतं, म्हणूनच त्यात फार वेळ जातो.

संध्याकाळनंतर मोबाइलवर ‘शंभर टक्के येणारे आयएमपी’ अशा पीडीएफ फिरू लागतात. त्यांत तीस प्रश्न असतात आणि त्यातले काही पेपरात येतातही, कारण सोळा प्रकरणांतले कोणतेही तीस नेहमीचे प्रश्न काढले तरी तसंच होईल. पण यादी वाचताना नजर जाते ती न येणाऱ्या प्रश्नांकडे आणि ठरवलेलं वेळापत्रक मोडतं. ‘पेपर फुटला’ हा निरोप तर उघडूही नये. फोन आठ वाजता आईकडे द्यावा आणि गजरासाठी साधं घड्याळ लावावं. आधी झालेल्या पेपरची उत्तरं मित्रांशी पडताळत बसणंही या चोवीस तासांत नको. तिथले गुण आता हलणार नाहीत.

दप्तर नऊ वाजता भरून दाराशी ठेवा. हॉल तिकीट, ओळखपत्र, एकाच शाईची दोन-तीन पेनं, पेन्सिल, पट्टी, साधं मनगटी घड्याळ, पाण्याची बाटली. वेळापत्रकावर तारीख आणि सत्र पुन्हा एकदा दुसऱ्या कोणाला तरी वाचायला सांगा. दुपारचं सत्र समजून बसलेला मुलगा मी पाहिला आहे.

पोटाचं गणित

जेवणाचा पहिला नियम असा, की या चोवीस तासांत पोटात नवीन काही जाऊ नये. फेब्रुवारी-मार्चचे दिवस असतात, ऊन तापू लागलेलं असतं. उघड्यावरची कापलेली फळं, बर्फ घातलेला उसाचा रस, पाणीपुरी, बाहेरची चटणी यांतून पोट बिघडायला एक रात्र पुरते. आदल्या रात्री आठपर्यंत घरचं साधं जेवण घ्यावं. वरण-भात, पोळी किंवा भाकरी, एखादी फळभाजी, सवयीचं असेल तर ताक. राजमा, छोले, तर्रीदार मिसळ आणि तळलेलं पेपर झाल्यावर खावं. त्यांनी नुकसान होतंच असं नाही, पण पोट फुगलं किंवा जळजळ झाली की झोपेचा खोळंबा होतो.

कधीकधी महाशिवरात्र परीक्षेच्या दिवसांत येते आणि घरात उपवास असतो. दिवसभर तुपातली साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचे वेफर्स खाऊन पेपरला जाणं जड जातं. परीक्षेच्या वर्षी आजीशी तडजोड करावी.

सकाळचा नाश्ता साडेआठला. तिथून पेपर सुटेपर्यंत पाच तास चाळीस मिनिटं आहेत, हे मुलांच्या लक्षात येत नाही. नुसत्या दोन बिस्किटांवर गेलेल्याला साडेबाराला, नेमक्या चार गुणांच्या प्रश्नांच्या वेळी, डोकं रिकामं झाल्यासारखं वाटतं. पोहे किंवा उपमा चालेल, पण त्यात मूठभर शेंगदाणे असावेत, नाहीतर बरोबर अंडं किंवा कपभर दूध घ्यावं. प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ सोबत असले की अन्न सावकाश पचतं आणि भूक लांबते. पोळी-भाजीही उत्तम. पोट अर्धं-पाऊण भरावं, तट्ट फुगवू नये. केंद्रावर पोचल्यावर एक केळं किंवा दोन खजूर. दही-साखर हातावर ठेवली तर चमचाभर खाऊन नमस्कार करावा. त्याच प्रेमानं वाटीभर श्रीखंड पुढे आलं, तर ते संध्याकाळसाठी ठेवायला सांगावं.

चहाचं गणित दोन्ही बाजूंनी चुकतं. एरवी चहा न पिणारा मुलगा आदल्या रात्री अकराला कडक कॉफी घेतो. कॅफिनचा अंमल अर्ध्यावर यायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे पहाटे चारलाही निम्मी कॉफी अंगात असते. उलट रोज सकाळी चहा घेणारी मुलगी ‘आज नको’ म्हणून तो टाळते. सवयीचं कॅफिन तुटलं की बारा ते चोवीस तासांत डोकं दुखायला लागतं, म्हणजे ऐन पेपरात. तेव्हा नेहमीचा चहा नेहमीच्या वेळी घ्यावा आणि दुपारी चारनंतर बंद करावा. पाणी सकाळपासून थोडं थोडं प्यावं, साडेनऊनंतर घोट घोट आणि वर्गात शिरण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन यावं.

रात्र

सव्वादहाला दिवा बंद. मुलांना यावर सगळ्यात जास्त आक्षेप असतो. दोन तास जागलो तर एक प्रकरण होईल, असं त्यांचं गणित असतं. त्या गणितात खर्चाची बाजू धरलेली नसते. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड यांनी सलग जागलेल्या माणसांचं हात-डोळ्यांचं काम मोजलं. सतरा तास जागल्यावर ते काम रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यावर जेवढं ढासळतं तेवढं ढासळलं होतं. सकाळी सहाला उठलेल्या मुलीचे सतरा तास रात्री अकराला भरतात. त्यानंतरचा अभ्यास डुलत्या डोक्यानं होतो आणि दुसऱ्या दिवशीचा पेपरही तसल्याच डोक्यानं लिहावा लागतो.

शिवाय झोपेत अभ्यास वाया जात नाही. १९२४ सालीच जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी अर्थहीन अक्षरजोड्या पाठ करायला देऊन दाखवलं होतं, की पाठांतरानंतर झोपलेल्यांना तेवढाच वेळ जागं राहणाऱ्यांपेक्षा जास्त आठवतं. पुढे झालेल्या संशोधनानं झोप स्मृती पक्की करते या समजुतीला आणखी आधार दिला. दिवसभर लिहून काढलेलं रात्री मुरतं. जागरण म्हणजे विरजण लावून रात्रभर भांडं हलवत राहण्यासारखं आहे.

झोप लागली नाही तर? घड्याळ उलटं करून ठेवावं आणि पडून राहावं. पुस्तक उघडू नये. दुसऱ्या कोणाची झोपेची गोळी तर मुळीच घेऊ नये, तिची गुंगी सकाळपर्यंत राहू शकते. आधीच्या आठवड्यात नीट झोपलेला मुलगा एका रात्रीच्या अर्धवट झोपेवर पेपर लिहू शकतो.

सकाळ आणि फाटक

सहाला उठून आवरून पावणेसातला बसावं. आठ-सव्वाआठपर्यंतच्या वेळात कालच्या कागदावरचं पुन्हा एकदा न बघता लिहावं आणि दोन सोपी गणितं करावीत, हात सुरू व्हावा म्हणून. नवीन प्रश्न नाही. मग नाश्ता, आणि केंद्र अर्ध्या तासाच्या अंतरावर असलं तरी साडेनऊला निघावं. एस.टी. चुकू शकते.

फाटकाशी गर्दी असते, कोणीतरी मोठ्यानं विचारत असतं, “ते ट्रान्सफॉर्मरचं केलंस का?” तिथून दहा पावलं लांब उभं राहून तो एक कागद नुसता वाचावा. न बघता आठवण्याचं काम संपलं. आता पाच मिनिटांची स्मृतीच उपयोगाची आहे आणि ती वाचण्यातूनच मिळते. अकरा वाजता प्रश्नपत्रिका हातात आली, की घोटाळ्याची दोन-तीन सूत्रं कच्च्या कामाच्या जागेत उतरवून टाकावीत. मग विभाग अ. एमसीक्यूचं पहिलं लिहिलेलं उत्तरच धरलं जातं, म्हणून तिथे आधी विचार, मग पेन. पुढे प्रत्येक विभागात सोडायचे प्रश्न आधी खुणावून ठेवावेत. सोडायची सवय कालपासून लागलेलीच असते.

पंख्याकडे बघणारा तो मुलगा दर वर्षी दिसतो. पण अलीकडे काही मुलं चार ओळींचा सांगाडा पेन्सिलनं बाजूला मांडून मग उत्तराला हात घालताना दिसतात. अशा मुलांच्या बाकाजवळून जाताना मी पायांचा आवाज होऊ देत नाही.